पद्मजाताईंनी हात वर केला नाही

आधीच सांगून ठेवतो, माझं तोंड फटकळ आहे. विकेटकीपरचं असतंच. दिवसभर उन्हात उठाबशा काढायच्या, शेकडो चेंडू अडवायचे, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि एक सुटला की मैदानभर बोंब. त्यात आमच्या कंपनीच्या स्कोअररबाई अशा, की माझ्या हातून सुटलेला चेंडू त्यांच्या पेन्सिलीतून कधी सुटला नाही. मी त्यांच्याशी जेवढा भांडलो तेवढा बायकोशीही भांडलो नसेन, आणि आमची बायको काही गरीब गाय नाही. तरीसुद्धा इंद्रायणी गिअर्सच्या टीमनं या पट्ट्यातल्या क्रिकेटला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी एकाही बॅट्समनचं नाव घेणार नाही, बोलरचं नाही, माझं तर मुळीच नाही. मी पद्मजाताई साठ्यांचं नाव घेईन.

ताई आमच्या टाइम ऑफिसात होत्या. कोण किती वाजता आला, कोण उशिरा आला, कुणाचा ओव्हरटाइम किती, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मी टूलरूममध्ये फिटर. पाच मिनिटं उशीर झाला की खिडकीतून त्या नुसतं घड्याळाकडे बघायच्या आणि आपलीच मान खाली जायची. आवाज कधी चढायचा नाही. त्याचाच जास्त राग यायचा.

त्यांचं माहेर देहूरोडचं. वडील तिथल्या लष्करी डेपोत कारकून. रविवारी फौजी टीमांचे सामने चालायचे आणि वडील स्कोअर लिहायचे. पुढे त्यांना लांबचं धड दिसेना, तेव्हा शेजारी बसून पंचांच्या खुणा सांगायचं काम मुलीवर आलं, आणि सांगता सांगता पेन्सिलही तिच्या हातात गेली. लग्न होऊन त्या चिंचवडला आल्या, नोकरी लागली, आणि ती पेन्सिल तशीच राहून गेली. चौऱ्याहत्तर साली आमचे जुने स्कोअरर बदलून गेले. आमचे कॅप्टन अनंतराव, प्रॉडक्शनमध्ये सुपरवायझर, कँटीनमध्ये उभे राहून विचारत होते की रविवारी कोणी लिहील का. एकजणही पुढे येईना. ताई डबा बंद करत म्हणाल्या, मी लिहीन. लोक हसले. त्यात मीही होतो, कशाला खोटं बोलू.

पहिल्याच सामन्यात आमचं वाजलं. लेगला एक चेंडू गेला, माझ्या ग्लोव्हच्या बोटांना घासून सीमेपार. चार बाय. आता बाय म्हणजे कीपरच्या तोंडाला काळं. म्हणून डाव संपल्यावर मी टेबलाशी गेलो आणि म्हणालो, ताई, तो चेंडू पॅडला घासून आला होता, लेगबाय लिहा. त्यांनी वर बघितलं.

"सुरेंद्रराव, पंचांनी उघडा पंजा डोक्यावर नेला. गुडघा उचलून त्याला हात लावला नाही."

"पण मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय. पंचांनी सांगितलेलं नाही."

आणि झालं. चार बाय. मी आठवडाभर टाइम ऑफिसच्या खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या रविवारी परत एक सुटला, परत मी गेलो, परत तेच उत्तर. अशी आमची ओळख वाढली.

मग एकदा पावसानं खेळ थांबला होता, तंबूत बसलो होतो, तेव्हा मी जरा खोचकपणेच म्हणालो की तुमच्या त्या वहीत आहे तरी काय एवढं. त्यांना वाटलं मी खरंच विचारतोय. वही माझ्यापुढे सरकवून त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि काय सांगू, मी इतकी वर्षं खेळत होतो पण मला माझाच खेळ तेव्हा कळला.

वर बॅट्समनची नावं आणि त्यांच्यापुढे त्यांच्या धावा. खाली बोलरची नावं आणि प्रत्येक ओव्हरचा एक चौकोन. मध्ये एक्स्ट्रांच्या ओळी: बाय, लेगबाय, वाइड, नोबॉल. बाजूला एक-दोन-तीन करत छापलेल्या आकड्यांची रांग, धाव झाली की आकडा खोडायचा, म्हणजे एकूण किती ते कधीही दिसतं. चेंडू बॅटलाही लागला नाही, अंगालाही नाही, तसाच मागे गेला आणि ते धावले, तर बाय. बॅट सोडून पॅडला किंवा अंगाला लागून गेला, तर लेगबाय. दोन्हीत बॅट्समनच्या नावापुढे धाव मांडायची नाही, आणि बोलरच्या माथीही नाही. पण चेंडू पडलाय हे तर दिसायला हवं, म्हणून बोलरच्या चौकोनात ताई छोटा त्रिकोण काढायच्या आणि धावांचा आकडा त्याच्या पोटात लिहायच्या. बायचा त्रिकोण टोक वर करून, लेगबायचा टोक खाली करून.

"आणि ओव्हरथ्रो?" मी विचारलं. "त्याची ओळ कुठाय?"

"नाहीच. ओव्हरथ्रोला स्वतःचं घर नाही. पहिली धाव ज्या घरची, ओव्हरथ्रोही त्याच घरचा."

म्हणजे बॅटनं मारून दोन धावले आणि फेकलेला चेंडू सीमेपार गेला, तर बॅट्समनला सहा, आणि बोलरच्या नावावरही सहा. बिचाऱ्या बोलरचा काही दोष नसला तरी. तोच चेंडू पॅडला लागलेला असेल, तर सहाच्या सहा लेगबाय, बॅट्समन कोरडा, बोलरही कोरडा. मी आणि आमची अख्खी टीम समजत होतो की ओव्हरथ्रो म्हणजे एक्स्ट्रा, संपलं. आणखी एक बारकी गोष्ट त्यांनी सांगितली. ओव्हरथ्रो सीमेपार गेला की चार मिळतात आणि आधी पुऱ्या केलेल्या धावाही मिळतात. पण धावता धावता अर्धवट राहिलेली धाव कधी मिळते? तर फेकणाऱ्याच्या हातून चेंडू सुटला त्या क्षणी दोघांनी एकमेकांना ओलांडलेलं असेल तरच. आणि ते ठरवायचं पंचांनी, स्कोअररनं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

ज्योतीरामचा किस्सा तर मी कितीदा सांगितलाय. ज्योतीराम आमचा फास्ट बोलर, फाउंड्रीत कामाला, मूळचा लातूरकडचा, रागीट गडी. एका ओव्हरमध्ये चार धावा गेल्या म्हणून तो टेबलापाशी येऊन तणतणत होता. ताईंनी वही त्याच्याकडे फिरवली. चौकोनात पाच टिंबं, एक उलटा त्रिकोण, त्यात चार, आणि त्यावर ठसठशीत एम. मेडन. धावा लेगबायच्या होत्या, त्याच्या नव्हेत, म्हणून ओव्हर कोरीच. ज्योतीराम बराच वेळ त्या एमकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ताई, तुमी होत्या म्हणून, न्हाईतर माझी मेडन गेली होती की. तेव्हापासून तो त्यांच्यासाठी तंबूतून पाण्याचा गडू आणून ठेवायचा.

हे सगळं मैत्रीच्या सामन्यांत चालायचं. आंतरकंपनी स्पर्धा मात्र वेगळी. तिथे प्रत्येक कंपनीचा एकेक स्कोअरर, दोघं शेजारी बसतात, एकमेकांना मोठ्यानं सांगून लिहितात. त्या टेबलावर तोवर एकही बाई बसली नव्हती. स्पर्धेचे सेक्रेटरी अण्णासाहेब, निवृत्त माणूस, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. ताईंनी तीन वर्षं लागोपाठ नाव दिलं आणि तीनही वर्षं कुठल्या ना कुठल्या कंपनीनं नाक मुरडलं. बाईमाणूस दिवसभर उन्हात बसणार का, घाई झाली की गोंधळ करेल, एक ना दोन. अखेर एकोणऐंशी साली अण्णासाहेबांनी परवानगी दिली, पण अट घातली. वहीबद्दल एकही तक्रार खरी ठरली तर खुर्ची गेली, आणि पुन्हा अर्ज करायचा नाही.

मी ताईंना म्हटलं, असली अट कुणा पुरुषाला घातली असती का त्यांनी? सोडून द्या. मला वाटलं त्या नेहमीसारख्या शांतपणे हसतील. त्या हसल्या नाहीत.

"मला ती खुर्ची हवी आहे, सुरेंद्रराव," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही इतकं चांगलं येत नाही."

त्या बाईच्या तोंडून काही हवंय असं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी काहीतरी चेष्टा करून तिथून निघालो.

पहिले दोन सामने सुरळीत गेले. तिसरा म्हणजे फायनल, अंजनी पंप्सशी. पिंपरीत, कॉलनीतल्या मैदानावर, चाळीस-चाळीस ओव्हरचा. दोन्ही कंपन्यांची माणसं दोरीला चिकटून उभी होती, पहिली शिफ्ट सुटून आलेली तर तशीच डबे हातात घेऊन. टेबलाशी ताई आणि त्यांच्या शेजारी अंजनीचे हरिहर, स्टोअर्समधले, अतिशय सज्जन माणूस. वारा फार होता म्हणून ताईंनी पानाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते.

आम्ही एकशे बासष्ट केल्या. म्हणजे अंजनीला एकशे त्रेसष्ट हव्यात. शेवटच्या ओव्हरचे दोन चेंडू उरले तेव्हा त्यांच्या आठ बाद एकशे छप्पन होत्या. बोलर ज्योतीराम. समोर त्यांचा चिमाजी, चांगला जमलेला. पलीकडच्या टोकाला त्यांचा दहाव्या नंबरचा, ज्याला बॅट कुठून धरायची हे सांगावं लागत होतं. दोन चेंडूंत सात. कप आमचाच असं सगळे धरून चालले होते.

ज्योतीरामनं पाचवा चेंडू टाकला. चिमाजीनं आडवी बॅट फिरवली, ती हुकली, चेंडू पॅडवर आदळून लेगला घरंगळला. मी आणि ज्योतीराम दोघंही घसा फाडून अपील करत होतो. ज्योतीराम तर ओरडत ओरडत अर्ध्या पिचपर्यंत आला. पंच सोपानरावांनी मान हलवली, नाबाद. तोवर त्या दोघांनी एक धाव काढली आणि दुसरीला निघाले. अनंतरावांनी चेंडू उचलला आणि रागाच्या भरात बोलरच्या टोकाच्या स्टंपवर फेकला. तिथं होतं कोण? ज्योतीराम अजून अर्ध्या पिचवरच उभा. चेंडू स्टंपच्या बाजूनं सुसाट गेला तो पलीकडच्या दोरीपार. अंजनीची माणसं नाचायला लागली.

सोपानरावांनी गुडघा उचलून हात लावला, लेगबाय. मग हात हलवून चौकार दाखवला. आणि पाठ फिरवून आपल्या जागेकडे निघाले. टेबलाशी काय झालं ते मला नंतर हरिहररावांनी सांगितलं. ते म्हणाले, "लेगबाय, एक आणि चार, पाच," आणि पाच लिहून त्यांनी पंचांना हात वर केला. स्कोअररनं हात वर करायचा म्हणजे खूण पोचली, लिहून झालं, पुढचा चेंडू टाका. फळ्यावरच्या माणसानं लगेच एकशे एकसष्ट लावलेसुद्धा. शेवटच्या चेंडूवर दोन हव्यात. आमची माणसं टाळ्या वाजवायला लागली.

पद्मजाताईंनी हात वर केला नाही.

सोपानरावांनी वळून बघितलं. एकच हात. त्यांनी परत गुडघ्याला हात लावला, परत चौकार दाखवला. टेबलाशी एक हात वर, दुसरा खालीच. ज्योतीराम चेंडू घेऊन धावायला सज्ज, त्याला थांबवलं. दोरीपाशी कुजबुज, मग हळूहळू आरडाओरडा. झोप लागली काय बाईंना, हे बघा म्हणून सांगत होतो बाई नको, असलं सगळं ऐकू येत होतं. अनंतराव लांबून दोन्ही हातांनी खुणा करत होते, वर करा, हात वर करा.  मी मनात म्हटलं, ताई, तक्रार झाली तर खुर्ची जाईल तुमची, काय करताय हे.

त्या काय बघत होत्या ते माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. चिमाजी माझ्यापुढे स्टान्स घेऊन उभा होता. आता हिशेब करा. पाच धावा म्हणजे एकच धाव पळून पुरी केलेली आणि चार सीमेच्या. एक पळाले तर टोकं बदलतात, मग माझ्यापुढे तो दहाव्या नंबरचा यायला हवा. चिमाजीच माझ्यापुढे असेल तर दुसरी धावही धरलेली आहे, आणि मग एकूण सहा. पंचांनी बॅट्समन उभा केलाय सहाचा आणि वहीत गेलेत पाच. दोन्हीतलं एक चूक. कुठलं, ते ताईंनी ठरवायचं नव्हतं. त्यांनी फक्त हात खाली ठेवायचा होता.

सोपानराव चालत टेबलाशी आले, कपाळाला आठ्या. ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले. थ्रो हातातून सुटला तेव्हा दोघं एकमेकांना ओलांडून गेले होते का? आणि नसतील गेले, तर चिमाजी स्ट्राइकवर कसा?  सोपानराव लेगला उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचांकडे गेले, दोघं बोलले, आणि परत येऊन सोपानरावांनी सहा बोटं दाखवली. ओलांडलं होतं. चांगलं दोन हात अंतरानं ओलांडलं होतं. सहा लेगबाय.

ताईंनी हात वर केला. खाली बसून उलटा त्रिकोण काढला, त्यात सहा लिहिले, रांगेतले आकडे एकशे बासष्टपर्यंत खोडले. फळाही बदलला. बरोबरी. आता शेवटच्या चेंडूवर एकच हवी.

अनंतरावांचा तोल गेला. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ते ओरडले, "तुम्ही आहात कुणाच्या?" ताईंनी मान वर केली नाही, पण त्यांचा चेहरा मला एवढ्या लांबूनही दिसला. मला अनंतरावांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

शेवटचा चेंडू चिमाजीनं कव्हरला ढकलला आणि दोघं जिवाच्या आकांतानं पळाले. धाव पुरी. अंजनी पंप्स दोन विकेटनी जिंकले.

आमची माणसं मान खाली घालून तंबूत आली. मी ग्लोव्ह काढत होतो तोच अनंतराव कागद घेऊन समोर. स्कोअररनं विनाकारण खेळ थांबवला, बोलरची लय घालवली, आणि वहीतल्या नोंदीबद्दल शंका आहे, अशी तक्रार. स्पर्धेचा नियम असा की तक्रारीवर कॅप्टनची आणि त्या वेळी मैदानात असलेल्या एका खेळाडूची सही लागते. चेंडू सर्वांत जवळून कीपरनं बघितलेला, म्हणून त्यांना माझी हवी होती.

"कर सही," ते म्हणाले. "तुझे तर किती बाय लिहिलेत त्यांनी. तुलाही राग असेलच."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "अहो, म्हणूनच करणार नाही. माझा एक बाय त्यांनी कधी लपवला नाही, मी एवढा मागे लागलो तरी. आणि आज अंजनीची धाव लपवायची होती का त्यांनी? मी डोळ्यांनी बघितलंय, ते ओलांडून गेले होते. तुम्हीही बघितलंय. चेंडू तुमच्याच हातात होता."

माझा आवाज हळू कधी निघत नाही. अण्णासाहेब शेजारच्या टेबलाशी दोन्ही वह्या बघत बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते उठून आले. त्यांच्या मागे ताई आणि हरिहरराव. त्या दोघांनी तोवर वह्या जुळवल्या होत्या. बॅट्समनच्या धावा आणि एक्स्ट्रा मिळून एकशे त्रेसष्ट. बोलरनी दिलेल्या धावा आणि एक्स्ट्रा मिळूनही एकशे त्रेसष्ट. हरिहररावांनी स्वतःचा पाच खोडून सहा केला होता आणि शेजारी सही केली होती, पंचांच्याही सह्या होत्या. ताईंचे डोळे लाल झाले होते.  मला वाटलं, त्या मनातून खुर्ची सोडून बसल्यात.

अण्णासाहेबांनी कागद वाचला आणि अनंतरावांना एवढंच विचारलं, "थ्रो तुमच्या हातून सुटला तेव्हा दोघांनी एकमेकांना ओलांडलं होतं का?"

 अनंतराव खाली बघत राहिले. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते मी वर सांगितलंच, पण पुढचं त्यांनी जे केलं ते सगळ्यांना जमत नाही.

"हो," ते म्हणाले. "ओलांडलं होतं. मला दिसत होतं."

त्यांनी कागद परत घेतला, चुरगाळला आणि खिशात घातला. अण्णासाहेब ताईंकडे वळून म्हणाले की पुढच्या वर्षापासून फायनलला स्पर्धेचा स्वतःचा एक स्कोअरर बसवायचा विचार आहे, कुठल्याच कंपनीचा नसलेला, आणि ती जागा त्यांनी घ्यावी. ताईंना रडू फुटलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यातूनच म्हणाल्या की घेते, पण ओव्हरथ्रो झाला की पंचांनी बोटांनी आकडा दाखवलाच पाहिजे. अण्णासाहेब हसले आणि हो म्हणाले. त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला की आम्ही फायनल हरलोय हेच माझ्या ध्यानात राहिलं नाही. ज्योतीराम तर डोळे पुसत होता, आणि मी बघितलं म्हणून माझ्यावरच खेकसला.

पण कंपनी म्हणजे कंपनी. सोमवारी कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. मैदानावर न आलेल्यांना तर जास्तच माहीत. आपल्याच बाईनं मॅच घालवली, अंजनीला सहा धावा वाढून दिल्या, घरभेदीपणा, असं काय काय. ताई डबा घेऊन आत आल्या तशी बडबड थांबली आणि सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. त्या नेहमीच्या बाकावर बसल्या. मी उठणार होतो. तोंडात आलेलं सगळं बोलणार होतो, आणि त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही.

माझ्याआधी अनंतराव उठले. ते सुपरवायझरांच्या टेबलावरून उठून मधोमध येऊन उभे राहिले.

"मॅच ताईंनी घालवलेली नाही," ते म्हणाले. "मी घालवली. मागे कुणी नसताना थ्रो मी केला. त्या सहा धावा मी दिल्या, त्यांनी फक्त लिहिल्या."

 ताईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि अनंतरावांकडे बघितलं. तीच शांत नजर, तोच न चढणारा आवाज.

"सहा नाही, अनंतराव," त्या म्हणाल्या. "तुमच्या चारच. दोन ते धावले होते."